मुलाखतीनंतरचा आभाराचा मेल : अर्धवट राहिलेले उत्तर त्यात पूर्ण करावे का?

मोजपट्टी (बुधवार, रात्री ८:४०)

नमस्कार मंडळी. आज दुपारी चाकणच्या एका कंपनीत माझी मुलाखत झाली. पद पुरवठादार गुणवत्ता अभियंत्याचे आहे. ही कंपनी विजेवर चालणाऱ्या दुचाकींच्या मोटारी बनवते आणि मोटारीचे ॲल्युमिनियमचे हाउसिंग बाहेरच्या डायकास्टिंगवाल्यांकडून घेते. मी स्वतः सहा वर्षे अशाच एका डायकास्टिंगवाल्याकडे गुणवत्ता विभागात आहे, म्हणजे आजवर टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसत आले.

मुलाखत घेणारे तिघे होते : पुरवठादार गुणवत्तेचे व्यवस्थापक, मशीनशॉपचे प्रमुख आणि एचआरच्या बाई. बाकी सगळे ठीक झाले, पण व्यवस्थापकांनी एक प्रश्न विचारला, "पुरवठादाराकडे लीक टेस्टला पास झालेले हाउसिंग आमच्याकडे फेल होते, तर तुम्ही काय कराल?" मी घाईने म्हणाले, "पुरवठादाराकडून आठ टप्प्यांचा अहवाल मागवीन." ते "बरं" म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. घरी येताना नाशिक फाट्याच्या सिग्नलला उभी असताना मला नीट उत्तर सुचले, आणि वाईट म्हणजे ते उत्तर मी प्रत्यक्ष केलेल्या कामातलेच होते.

आता आभाराचा मेल लिहायला बसले आहे. मेल इंग्रजीत जाईल, इथे चर्चेसाठी मसुदा मराठीत देते :

"आदरणीय महोदय, आज मला मुलाखतीची संधी दिल्याबद्दल मी आपली अत्यंत आभारी आहे. आपल्या नामवंत कंपनीत काम करण्यास मी उत्सुक आहे. मी मेहनती असून संघभावनेने काम करते. माझा अनुभव आणि कौशल्ये या पदास सर्वथा योग्य आहेत, असा मला विश्वास वाटतो. आपल्या सकारात्मक उत्तराच्या प्रतीक्षेत."

यात ते राहिलेले उत्तर घालावे का? आणि मेल कधी पाठवावा? उद्या गुरुवार, म्हणजे त्यांची साप्ताहिक सुट्टी.

परखड_पाटील (बुधवार, रात्री ९:०५)

घालू नये. मीही मुलाखती घेतो. पाच प्रश्नांपैकी एकाचे उत्तर ढोबळ आले, तर संध्याकाळपर्यंत ते माझ्या लक्षातही राहत नाही. तुम्ही मेल करून त्याची आठवण करून दिलीत, तर मी पुन्हा कागद काढून बघेन आणि म्हणेन, "अरे हो, ह्यांना हे आलं नव्हतं." शिवाय घरी जाऊन शोधून लिहिलेले उत्तर कोणीही लिहू शकतो. दोन ओळींत आभार माना आणि विषय संपवा.

सदाफुली (बुधवार, रात्री ९:२०)

माझ्या मावसभावाची पुढच्या आठवड्यात नगरपालिकेत मुलाखत आहे. त्यानेही निवड समितीच्या अध्यक्षांना असा मेल पाठवावा का? त्याचे काम चांगले आहे, पण बोलताना तो अडखळतो, त्यामुळे लेखी मुद्दा मांडता आला तर त्याला बरे होईल.

खिडकीपलीकडून (बुधवार, रात्री ९:५०)

सदाफुलीताई, आधी तुमचे उत्तर देतो, कारण त्यात नुकसान होण्याची शक्यता आहे. तुमच्या भावाला असा मेल मुळीच पाठवू देऊ नका. सरकारी आणि निमसरकारी भरतीच्या जाहिरातीत बहुधा एक अट असते, की कोणत्याही मार्गाने शिफारस किंवा दबाव आणण्याचा प्रयत्न करणारा उमेदवार अपात्र ठरेल. तुमच्या मनात केवळ आभार असले, तरी समितीच्या सदस्याशी मुलाखतीनंतर खासगीत संपर्क साधणे त्या अटीत बसवता येते. तिथे मुलाखत खोलीतच संपते.

आता मोजपट्टी यांच्याविषयी. मी अकरा वर्षे कारखान्यांसाठी माणसे निवडण्याच्या कामात आहे आणि पाटीलसाहेबांशी अर्धाच सहमत आहे. मेलमुळे निवड होते, असे मी कधीच म्हणणार नाही. बहुतेक ठिकाणी मुलाखत घेणारे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आपापले शेरे भरतात आणि नंतर एकत्र बसतात. एखादा उमेदवार स्पष्टपणे पुढे किंवा स्पष्टपणे मागे असेल, तर मेलने काही हलत नाही. पण दोन उमेदवार जवळजवळ असतील आणि कोणाच्या तरी शेऱ्यात "प्रत्यक्ष समस्या सोडवण्याचा अनुभव शंकास्पद" असे काही असेल, तर नेमक्या त्या शंकेला उत्तर देणारा परिच्छेद बैठकीत वाचला जातो. मी तो वाचला जाताना पाहिला आहे.

तुमच्या मसुद्यातली अडचण सांगतो. त्यातले कंपनीचे क्षेत्र बदलून तोच मेल औषधांच्या कारखान्याला पाठवला, तर एकही शब्द बदलावा लागणार नाही. "अनुभव सर्वथा योग्य" हे तुम्ही जाहीर करण्यापेक्षा त्यांना तसे वाटेल असा एक प्रसंग द्या. आणि तो प्रसंग तुमच्याकडे आहे असे तुम्हीच म्हणता. मग आधी आम्हाला सांगा, नाशिक फाट्यावर काय सुचले?

मोजपट्टी (बुधवार, रात्री १०:१५)

सांगते. पुरवठादाराकडे पास आणि ग्राहकाकडे फेल, असे झाले की दोन्हीकडची चाचणी खरोखर एकच आहे का, हे सर्वांत आधी बघायला हवे. आमच्याकडे हेच झाले होते. हाउसिंग वॉशिंग मशिनमधून निघाले की कोमट असतानाच लीक टेस्टला लावायचे. त्या चाचणीत आत हवा भरून झडप बंद करतात आणि दाब किती उतरतो ते बघतात. कोमट हाउसिंगमध्ये भरलेली थंड हवा तापते, तापली की तिचा दाब चढतो, आणि गळतीमुळे होणारा उतार त्या चढात झाकला जातो. म्हणून बारीक गळती असलेला नग आमच्याकडे पास व्हायचा आणि ग्राहकाकडे, थंड झाल्यावर, फेल. आम्ही नग खोलीच्या तापमानाला येईपर्यंत रॅकवर ठेवायला लागलो आणि ग्राहकाकडचाच गळती ठरवलेला मास्टर नग आणून दोन्ही मशिनवर लावून पाहिला. त्यानंतर दोन्हीकडचे निकाल जुळू लागले. अर्थात छिद्रे कास्टिंगमध्येच होती, ती कमी करायला वेगळे काम करावे लागले, पण निदान आमचे रिजेक्शन आमच्याच दारात दिसू लागले.

स्पॅनर (बुधवार, रात्री १०:३०)

ताई, हे उलटे वाटते. हाउसिंग गरम असेल तर ते प्रसरण पावते, फटी मोठ्या होतात आणि गळती जास्त दिसायला हवी. मी पंपांच्या कारखान्यात होतो, तिथे गरम नग फेल व्हायचे.

मोजपट्टी (बुधवार, रात्री १०:४५)

दादा, तुमच्याकडे तसे झाले असेल हे मान्य आहे. नग गरम असेल, आतली हवा भरतानाच तापून बसली असेल आणि मोजण्याच्या वेळात सगळे निवू लागले असेल, तर दाब उतरतो आणि चांगला नगसुद्धा फेल दिसतो. कोमट नग, ताजी हवा आणि लहान चक्र असेल, तर आमच्यासारखे होते. छिद्र किती मोठे होते याने एवढा फरक पडेल असे मला वाटत नाही, कारण दहा-वीस अंशांत ॲल्युमिनियम फारच थोडे वाढते.

परखड_पाटील (बुधवार, रात्री ११:००)

ही दोन उत्तरे वाचून मी माझे मत थोडे बदलतो. हे शोधून लिहिलेले उत्तर नाही, हे कोणालाही कळेल, कारण यात रॅक आहे, मास्टर नग आहे, आणि "छिद्रे तरीही कास्टिंगमध्येच होती" ही कबुली आहे. तरीही एक भीती उरते. मेल असा लिहू नका, की "तुमच्याकडची समस्या ही आहे." तुम्ही त्यांचे मशिन पाहिलेले नाही. स्पॅनर यांनी आत्ता जे म्हटले तेच त्यांच्या मशीनशॉपचे प्रमुख म्हणतील आणि मग मेलवरूनच वाद सुरू होईल.

खिडकीपलीकडून (बुधवार, रात्री ११:२०)

पाटीलसाहेबांचा हा मुद्दा सोन्यासारखा आहे. मेलमध्ये निदान करू नये. "मी आधी काय तपासले असते आणि मागे असे तपासल्यावर काय आढळले," एवढेच सांगावे. यातून दोन गोष्टी दिसतात : तुम्ही अहवाल मागवून थांबणाऱ्यांपैकी नाही, आणि पुरवठादाराच्या शेडमध्ये काय चालते ते तुम्हाला आतून माहीत आहे. या पदासाठी तुमची सर्वांत जमेची बाजू हीच, आणि तुमच्या मसुद्यात तिचा उल्लेखच नाही.

एक खबरदारी घ्या. सध्याच्या कंपनीचे रिजेक्शनचे टक्के, ग्राहकाचे नाव, भागाचा क्रमांक यांतले काहीही लिहू नका. जो उमेदवार आजच्या मालकाचे आकडे आम्हाला सांगतो, तो उद्या आमचे दुसऱ्याला सांगेल, असा विचार वाचणारा करतोच.

आंबेमोहोर (बुधवार, रात्री ११:३५)

या धाग्यावर माझी फजिती नोंदवून ठेवते. मी एकाच आठवड्यात दोन मुलाखती दिल्या आणि पहिल्या मेलवरून दुसरा तयार केला. वरचे नाव बदलले, विषयाची ओळ बदलली, आणि तिसऱ्या परिच्छेदात पहिल्या कंपनीचे नाव तसेच राहिले. समोरून उत्तर आले, "आपणांस तिकडे शुभेच्छा."

स्पॅनर (बुधवार, रात्री ११:४०)

हे उत्तर लिहिणाऱ्याला मी लगेच नोकरी देईन.

मिशिगनची_माई (गुरुवार, सकाळी ६:१०)

मी डेट्रॉइटजवळ वाहन उद्योगातच आहे. इकडे असा मेल पाठवणे ही रीतच आहे, नाही पाठवला तर काहींना खटकते. मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाला वेगळा मेल आणि शक्यतो त्याच दिवशी, असा इथला शिरस्ता. आपल्याकडे तशी अपेक्षा नसते, म्हणून तिथे नुसत्या आभारांना वजन कमी आणि मजकुराला जास्त, असा माझा अंदाज आहे.

वेगवेगळे मेल पाठवणार असाल, तर ते खरोखर वेगळे लिहा. आमच्या बैठकीत एकाने स्वतःला आलेला मेल वाचून दाखवला, तर शेजारचा म्हणाला, "मलाही हाच आला आहे." त्यानंतर मुलगा चांगला असूनही लोक हसत राहिले.

वेगवान_वसंत (गुरुवार, सकाळी ८:००)

तिघांनाही पाठवाच. मशीनशॉपच्या प्रमुखांचा पत्ता नसला तरी काढता येतो. कंपनीत पहिले नाव, टिंब, आडनाव अशीच रचना असते. सोबत रेझ्युमे, सर्व प्रमाणपत्रे आणि त्या लीक टेस्टच्या कामाचे सादरीकरणही जोडा, म्हणजे प्रभाव पडेल. मी असेच केले होते आणि माझी निवड झाली.

खिडकीपलीकडून (गुरुवार, सकाळी ९:१५)

वसंतराव, निवडीबद्दल अभिनंदन, पण ती त्यामुळे झाली की तसे करूनही झाली हे आपल्या दोघांनाही कळणार नाही. अंदाजाने बनवलेला पत्ता एकतर परत येतो किंवा त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाकडे जातो. ज्यांनी स्वतः पत्ता दिला नाही, त्यांचे आभार एचआरमार्फत कळवणे बरे. जोडपत्रांचे म्हणाल, तर रेझ्युमे त्यांच्याकडे आहेच, आणि सध्याच्या कंपनीचे सादरीकरण जोडणे म्हणजे मी रात्री जे नको म्हटले तेच. त्यांनी मागितले तरी ते देता येणार नाही, तोंडी सांगता येईल.

मोजपट्टी, तुमची मुलाखत एखाद्या कन्सल्टंटमार्फत ठरली होती का? तसे असेल तर मेल त्यांच्या नजरेखालून जाऊ द्या, कारण त्यांना वगळून थेट लिहिलेले काही कन्सल्टंटना रुचत नाही.

मोजपट्टी (गुरुवार, सकाळी ९:४०)

नाही, थेट अर्ज केला होता. व्यवस्थापकांनी निघताना कार्ड दिले आणि एचआरच्या बाईंचा मेल आधीपासून आहे. मशीनशॉपच्या प्रमुखांचा पत्ता नाही.

एक विचारायचे राहिले. एचआरने नोटिस पिरियड विचारला तेव्हा मी ९० दिवस सांगितले. प्रत्यक्षात माझ्या रजा शिल्लक आहेत आणि आमच्याकडे काही दिवस कमी करून देतात. हेही त्याच मेलमध्ये लिहू का? आणि पगाराचा आकडा मी थोडा कमी सांगितला असे आता वाटते आहे.

परखड_पाटील (गुरुवार, सकाळी १०:००)

नोटिसचे एचआरच्या मेलमध्ये एका वाक्यात लिहा, पण आधी तुमच्या कंपनीत खात्री करा. पगाराचे आभाराच्या मेलमध्ये आणू नका. आभार मानता मानता भाव वाढवणारा माणूस मंडईत चालतो.

आंबेमोहोर (गुरुवार, सकाळी १०:२०)

वेळेचे काय ठरले? मला वाटते सुट्टीच्या दिवशी पाठवलेला मेल शुक्रवारी सकाळी पन्नास मेलखाली दबेल.

मिशिगनची_माई (गुरुवार, सकाळी १०:३०)

दबला तरी तारीख दिसते. पण शुक्रवारी सकाळीच त्यांची बैठक असेल तर?

खिडकीपलीकडून (गुरुवार, सकाळी ११:००)

चाकण-भोसरीकडे गुरुवारी सुट्टी असली, तरी व्यवस्थापक मंडळी फोनवर मेल बघतात, हा माझा अनुभव आहे. मी असतो तर आज संध्याकाळी पाठवला असता. शुक्रवारी सकाळी साडेआठलाही चालेल. शनिवारपर्यंत मात्र थांबू नका, कारण तोवर शेरे भरून झालेले असतात. विषयाची ओळ साधी ठेवा, पदाचे नाव आणि मुलाखतीची तारीख. एचआरने मुलाखतीचे बोलावणे पाठवले होते त्याच मेलला त्यांचे उत्तर द्या, म्हणजे तुम्ही कोण हे शोधावे लागणार नाही.

मोजपट्टी (गुरुवार, सायंकाळी ५:३०)

दुपारभर लिहून खोडून हा मसुदा तयार झाला. व्यवस्थापकांसाठी :

"नमस्कार सर, काल पुरवठादार गुणवत्ता अभियंता या पदासाठी माझ्याशी पाऊण तास बोललात, त्याबद्दल आभार. मोटारीच्या हाउसिंगसाठी नवे पुरवठादार तयार करायचे आहेत, हे आपण सांगितल्यामुळे या कामाची मला स्पष्ट कल्पना आली.

पुरवठादाराकडे पास झालेला नग आपल्याकडे लीक टेस्टला फेल झाला तर काय, या प्रश्नाला मी केवळ अहवाल मागवण्याचे उत्तर दिले. त्याआधीचे पाऊल सांगायचे राहिले. अहवाल मागवण्यापूर्वी मी दोन्हीकडची चाचणी सारखी आहे का ते पाहीन : चाचणीच्या वेळचे नगाचे तापमान, फिक्स्चरच्या सीलची झीज, आणि एकच मास्टर नग दोन्ही मशिनवर लावून येणारे आकडे. सध्याच्या कामात अशाच तक्रारीत आम्हाला आढळले, की धुऊन निघालेला कोमट नग लगेच तपासल्याने बारीक गळती झाकली जात होती. नग निवल्यावर तपासू लागलो तेव्हा दोन्हीकडचे निकाल जुळले आणि मगच कास्टिंगमधल्या मूळ दोषावर काम करता आले. आपल्याकडचे कारण वेगळे असू शकेल, पण मी सुरुवात इथून करीन.

आजवर पुरवठादाराच्या बाजूने काम केल्यामुळे अशा गोष्टी त्यांच्या शेडमध्ये कुठे शोधाव्यात हे मला माहीत आहे. आपल्याला आणखी काही विचारायचे असल्यास जरूर कळवावे."

एचआरला वेगळा, चार ओळींचा : आभार, मशीनशॉपच्या प्रमुखांना आभार कळवण्याची विनंती आणि नोटिसचे एक वाक्य.

स्पॅनर (गुरुवार, सायंकाळी ६:००)

"सीलची झीज" घातलीत हे आवडले. आमच्याकडे शेवटी तेच निघाले होते, तापमान नव्हे. काल हे सांगायला विसरलो.

परखड_पाटील (गुरुवार, सायंकाळी ६:१०)

चांगला आहे. तरी मी "सांगायचे राहिले" हे वाक्य काढले असते आणि "आपल्या प्रश्नावर नंतर विचार करताना" अशी सुरुवात केली असती. उणीव स्वतःच्या तोंडाने कशाला म्हणायची?

खिडकीपलीकडून (गुरुवार, सायंकाळी ६:३०)

मला ते वाक्य तसेच हवे. "नंतर विचार करताना" म्हटले, की उत्तर नंतर शोधले असे वाटते. "सांगायचे राहिले" म्हटले, की आधीपासून माहीत होते हे कळते, आणि ते खरे आहे. माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल मात्र असे लिहू नये, पुढच्या फेरीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. इतकीच सुधारणा सुचवतो : "पाऊण तास" काढा, ते मोजून ठेवल्यासारखे दिसते.

मोजपट्टी (गुरुवार, रात्री ७:१५)

"पाऊण तास" काढला, "सांगायचे राहिले" ठेवले. पाटीलसाहेब, क्षमस्व. पाठवला.

सदाफुली (गुरुवार, रात्री ७:४०)

भावाला सांगितले. तो म्हणाला, मग निदान दिवाळीला मिठाई तरी? त्याला मीच गप्प केले.

मोजपट्टी (शुक्रवार, दुपारी १:०५)

व्यवस्थापकांचे उत्तर आले आहे, जेमतेम एक ओळ : "नग निवायला किती वेळ ठेवत होतात आणि तेवढ्या वेळासाठी रॅकची जागा कुठून काढलीत?" निवडीबद्दल एक अक्षर नाही. एचआरकडून अजून काही नाही.

मिशिगनची_माई (शुक्रवार, दुपारी १:३०)

उत्तर आजच द्या, आणि जितके विचारले तितकेच.

मोजपट्टी (शुक्रवार, दुपारी १:५०)

दिले. वेळ सांगितला, आणि जागा काढली नव्हती, धुण्याचे काम एक पाळी आधी नेले होते, हेही सांगितले. धुण्याची पाळी बदलणे हे सध्याच्या कंपनीचे गुपित धरावे का, यावर दहा मिनिटे अडले होते.

परखड_पाटील (शुक्रवार, दुपारी २:१०)

ते गुपित नव्हे. पण हा प्रश्न तुम्हाला पडला, हे मला आवडले.